रिपोर्ट म्हणतो बॅटरी 78 टक्के शाबूत, तरी लॅपटॉप 34 टक्क्यांवर बंद पडतो: आकडे कसे वाचायचे आणि बॅटरी कधी बदलायची

लॅपटॉप चार्जरवर नीट चालतो. चार्जर काढला की तासभर काही होत नाही. मग कोपऱ्यात 34 टक्के दिसत असताना, कसलीही सूचना न देता, स्क्रीन काळी होते. चार्जर लावून पुन्हा सुरू केला तर तो 33 टक्के दाखवतो. दुरुस्तीवाला म्हणतो बॅटरी बदला. तुम्ही रिपोर्ट काढता, तर त्यात बॅटरी पाऊण भाग शाबूत दिसते. मग खरं कोणाचं?

ही तक्रार इतक्या वेळा येते की एक खरं उदाहरण घेऊन ती शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. अकोल्याच्या एका कर सल्लागारांचा लॅपटॉप आहे, तीन वर्षं वापरलेला. दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेला असतो, अधूनमधून पक्षकाराकडे नेला जातो. विंडोज आहे.

आधी रिपोर्ट काढा. स्टार्ट मेनूत cmd लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही ओळ द्या:

```
powercfg /batteryreport /output "C:\Users\Public\battery.html"
```

ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. फाइलचा पत्ता दिला नाही तर रिपोर्ट, कमांड जिथून दिली त्या फोल्डरमध्ये जातो, आणि ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत तो फोल्डर बहुतेक वेळा System32 असतो. "रिपोर्ट सापडतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा. लिनक्सवर `upower -i $(upower -e | grep BAT)` आणि मॅकवर `system_profiler SPPowerDataType` या कमांड जवळपास हीच माहिती देतात.

तीन आकडे आणि त्यांची लायकी

रिपोर्टमध्ये Installed batteries या भागात आपल्या कामाच्या तीन ओळी असतात. अकोल्याच्या लॅपटॉपवर त्या अशा होत्या:

```
DESIGN CAPACITY        41,040 mWh
FULL CHARGE CAPACITY   31,920 mWh
CYCLE COUNT            186
```

पहिला आकडा कारखान्याचा: नवी असताना या बॅटरीत किती ऊर्जा मावायला हवी. एकक मिलिवॅट-तास, म्हणजे 41,040 म्हणजे साधारण 41 वॅट-तास. बॅटरीच्या अंगावरच्या लेबलवरही हाच आकडा छापलेला असतो. तिथे मिलिअँपिअर-तास दिले असतील तर त्यांना लेबलवरच्या व्होल्टेजने गुणा: 3,600 गुणिले 11.4 म्हणजे 41,040. लॅपटॉप जुना विकत घेतला असेल तर हा ताळा जरूर घ्या. रिपोर्टमधला आकडा त्या मॉडेलच्या मूळ बॅटरीशी जुळत नसेल, तर बॅटरी आधीच कोणीतरी बदलली आहे असं समजून पुढे चला.

दुसरा आकडा म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावतं. याला पहिल्याने भागलं की 77.8 टक्के येतात. उरलेले 22.2 टक्के म्हणजे झीज. बाजारातली बहुतेक ॲप ज्याला "वेअर लेव्हल" म्हणतात ती हीच, दुसरं काही नाही. त्यासाठी वेगळं ॲप टाकायची गरज नाही.

तिसरा आकडा सायकलचा. शंभर टक्के उपसा झाला की एक सायकल, पण तो एकाच दमात व्हायला हवा असं नाही. आज 40 टक्के वापरली, भरली, उद्या 60 टक्के वापरली, तर दोन दिवसांची मिळून एक सायकल. चार्जर किती वेळा लावला याच्याशी तिचा संबंध नाही. साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारण 300 ते 500 सायकलसाठी बनवलेल्या असतात. सध्याच्या मॅकबुकसाठी ॲपल 1000 हा आकडा सांगते. पुष्कळ विंडोज लॅपटॉपवर या ओळीत आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ दिसते. त्याचा अर्थ शून्य सायकल असा नाही. बॅटरीच्या आतली चिप ती माहिती विंडोजला देत नाही, एवढाच. अशा वेळी सायकलचा नाद सोडा, बाकीच्या आकड्यांवर काम होतं.

आता 186 सायकल म्हणजे बॅटरी अर्धवयसुद्धा नाही, असा हिशेब लोक करतात आणि तिथेच फसतात. सायकल फक्त वापराने होणारी झीज मोजते. लिथियम बॅटरी नुसती पडून राहूनही झिजते, आणि भरलेली व गरम राहिली तर फार झपाट्याने झिजते. कॅडेक्स कंपनीच्या बॅटरी युनिव्हर्सिटीचा एक तक्ता प्रसिद्ध आहे: 40 अंश सेल्सिअसला बॅटरी वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर साधारण 65 टक्के क्षमता उरते; त्याच तापमानाला 40 टक्के भरून ठेवली तर 85 टक्के. अकोल्याच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, दिवसभर चार्जरला जोडून 100 टक्क्यांवर ठेवलेला लॅपटॉप आतून 40 अंशांच्या वर सहज जातो. म्हणून असा लॅपटॉप बघताना मी सायकलचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. कमी सायकल आणि भरपूर झीज ही आपल्या हवामानात टेबलावरच्या लॅपटॉपची नेहमीची जोडी आहे.

दुसरा आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो

FULL CHARGE CAPACITY हे माप आहे असं आपण धरतो, पण तो बॅटरीतल्या चिपने बांधलेला अंदाज आहे. ती चिप आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहते आणि बॅटरी शांत असताना, म्हणजे तिच्यातून करंट जवळपास वाहत नसताना, तिचं व्होल्टेज बघते. बॅटरी बरीच भरलेली असताना एकदा आणि बरीच रिकामी झाल्यावर एकदा, अशा दोन शांत क्षणांमधला उपसा तिला मिळाला, तरच एकूण किती मावतं हे तिला नव्याने कळतं. जो लॅपटॉप कायम 90 ते 100 टक्क्यांमध्ये राहतो त्याच्या चिपला हा धडा मिळतच नाही. ती जुनाच आकडा धरून बसते आणि खरी क्षमता खाली जात राहते.

हे ओळखायला रिपोर्टमधला Battery capacity history हा तक्ता बघा. बहुतेक लोक तिथपर्यंत स्क्रोल करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या रिपोर्टमध्ये तोच सर्वात मोलाचा भाग आहे. तिथे दर काही दिवसांनी पूर्ण क्षमता किती होती याची नोंद असते. आकडा थोडाथोडा, कधी किंचित वर-खाली होत, एकूण उतरत गेला असेल तर चिप शिकते आहे; आजच्या आकड्यावर विश्वास ठेवा. महिनोन्महिने एकच आकडा असेल, किंवा बराच काळ एकच आकडा आणि मग एकदम मोठी पायरी असेल, तर आजचा आकडा कच्चा समजा. अकोल्याच्या लॅपटॉपवर सात-आठ महिने 31,920 हाच आकडा होता. जिवंत बॅटरी असं वागत नाही.

म्हणून निर्णयाच्या आधी चिपला एकदा धडा द्यायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याने बॅटरी सुधारत नाही, फक्त आकडा खरा होतो. त्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: टचपॅड दाबायला जड झालं आहे का, तळ सपाट टेबलावर डुगडुगतो का, झाकण नीट बसत नाही का. यातलं काही असेल तर बॅटरी फुगली आहे. मग कॅलिब्रेशन नको, चार्जिंग नको, रिपोर्टही नको. लॅपटॉप बंद करून बॅटरी काढून घ्या; आकडे काहीही म्हणोत, ती बदलायचीच.

फुगलेली नसेल तर असं करा. लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा लावली असेल तर ती तात्पुरती काढा. पूर्ण 100 टक्के होऊ द्या आणि त्यानंतरही दोनेक तास चार्जर तसाच ठेवा. मग चार्जर काढा, आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद करा आणि हलकं काम चालू ठेवा. स्क्रीनचा उजेड कमी करून साठवलेला व्हिडिओ लावला तरी चालतो. विंडोज स्वतःहून हायबरनेट होईपर्यंत थांबा. तसाच चार-पाच तास बंद ठेवा, हे चुकवू नका, कारण चिपला शांत व्होल्टेज इथेच मिळतं. शेवटी मध्ये न थांबवता पुन्हा 100 टक्के भरा. दुसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट काढा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हे काम आपोआप करणारी सोय असते; ती असेल तर तीच वापरा. हे वारंवार करू नका, कारण प्रत्येक पूर्ण उपसा बॅटरीला भोगावा लागतो.

अकोल्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशी पूर्ण क्षमता 26,450 आली. म्हणजे 64.4 टक्के शिल्लक, झीज 35.6. एका रात्रीत बॅटरी 13 टक्क्यांनी बिघडली नाही. ती आधीपासून तशीच होती.

मग 34 टक्क्यांचं काय?

इथे थोडा हिशेब करू, कारण दुरुस्ती नेमकी इथेच ठरते. जुन्या आकड्यात आणि खऱ्या आकड्यात 5,470 चा फरक होता. ही 31,920 पैकी साधारण 17 टक्के ऊर्जा, जी नव्हतीच. निव्वळ आकड्याची चूक असती तर लॅपटॉप 17 टक्क्यांच्या आसपास बंद पडायला हवा होता. तो 34 वर पडत होता. 31,920 चे 34 टक्के म्हणजे जवळपास 10,850. त्यातून नसलेले 5,470 वजा केले तरी 5,380 उरतात. खऱ्या क्षमतेच्या हिशेबाने बॅटरीत अजून 20 टक्के ऊर्जा असताना तो बंद पडत होता.

कॅलिब्रेशननंतर तेच दिसलं. साधं टंकलेखन करताना लॅपटॉप पाच-सहा टक्क्यांपर्यंत गुण्यागोविंदाने गेला. पण व्हिडिओ कॉल, त्यात ब्राउझरचे डझनभर टॅब आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एकत्र चालू केलं की 20 ते 22 टक्क्यांवर पुन्हा काळी स्क्रीन. पुन्हा सुरू केल्यावर आकडा 20 च. म्हणजे आकडा दुरुस्त झाला, आजार तसाच राहिला.

बंद पडल्यानंतर चार्जर लावून सुरू करा आणि पहिल्याच क्षणी टक्के वाचा. Recent usage या तक्त्यातही बंद पडण्याआधीची आणि नंतरची ओळ बघता येते. सुरू झाल्यावर टक्के एकदम शून्य ते पाचच्या घरात आले असतील तर बॅटरी खरंच रिकामी होती आणि चिप खोटं सांगत होती. अशा लॅपटॉपला कॅलिब्रेशननेच बऱ्याचदा आराम पडतो. टक्के जवळपास तेवढेच राहिले असतील तर ऊर्जा आहे, पण बॅटरीला ती लागेल त्या वेगाने देता येत नाही.

हा दुसरा प्रकार म्हणजे अंतर्गत रोध वाढणं. टाकीत पाणी आहे, पण पाईप आतून क्षाराने भरला आहे: बारीक धार येते, तोटी पूर्ण उघडली की धार तुटते. जास्त करंट ओढला की वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज कोसळतं, बॅटरीतलं संरक्षक सर्किट ते पाहून वीज तोडतं, आणि विंडोजला निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. Event Viewer मध्ये अशा प्रसंगाची Kernel-Power 41 अशी नोंद सापडते. powercfg च्या रिपोर्टमध्ये मात्र रोधाचा एकही आकडा नसतो. म्हणून 78 टक्के किंवा 64 टक्के या आकड्यांवरून बॅटरी ताण झेलेल की नाही ते कळत नाही.

हा रोध घरच्या घरी अंदाजता येतो. चार्जर काढलेला असताना, बॅटरी 22 टक्क्यांच्या आसपास आली की पॉवरशेलमध्ये हे द्या:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
 Select-Object Voltage, DischargeRate, RemainingCapacity
```

व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये येतं आणि उपसा मिलिवॅटमध्ये. एकदा सगळं शांत असताना वाचा, लगेच जड काम लावून पुन्हा वाचा. चिप आकडे थोड्या उशिराने बदलते, म्हणून काम लावल्यावर अर्धा मिनिट थांबा. त्याआधी उघड्या फाइल साठवून ठेवा, कारण लॅपटॉप याच परीक्षेत बंद पडू शकतो.

अकोल्याच्या लॅपटॉपवर शांत असताना 10.9 व्होल्ट आणि 6 वॅट होते. वॅटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो: 0.55 अँपिअर. कामावर असताना 9.9 व्होल्ट आणि 28 वॅट, म्हणजे 2.83 अँपिअर. करंट 2.28 ने वाढला आणि व्होल्टेज 1 ने पडलं. 1 भागिले 2.28 म्हणजे साधारण 0.44 ओहम. या बॅटरीत तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले आहेत, आणि प्रत्येक सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की धोक्याची रेषा, म्हणजे तिघांची मिळून 9 व्होल्ट. प्रोसेसरने क्षणभर उसळी घेऊन 45 वॅट मागितले, तर करंट 5 अँपिअरच्या आसपास जातो, 0.44 ओहममध्ये 2.2 व्होल्ट हरवतात आणि बॅटरी 8.9 वर येते. रेषा ओलांडली. शिवाय सर्किट प्रत्येक सेल वेगळा पाहतं; तिघांतला एक जास्त थकलेला असेल तर तो एकटाच आधी खाली जातो आणि सगळ्यांना घेऊन पडतो.

ही प्रयोगशाळेची मोजणी नाही. उन्हाळ्यात आणि थंडीत उत्तर वेगळं येतं, कारण थंड बॅटरीचा रोध जास्त असतो. पण शांत आणि जड कामातला फरक दीड-दोन दशांश व्होल्ट आहे की पूर्ण एक व्होल्ट, एवढं तरी त्यातून स्वच्छ कळतं.

बदलायची की चालवायची

बंद पडल्यावर टक्के तेवढेच राहत असतील आणि जड कामात व्होल्टेज असं कोसळत असेल, तर झीज 15 टक्के असो की 40, मी बॅटरी बदलायला सांगतो. न सांगता बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर फाइल लिहिली जात असतानाच वीज जाते, आणि कर सल्लागाराच्या हिशेबाच्या फाइलला ते परवडत नाही. प्रोसेसरचा टर्बो बंद करून किंवा पॉवर मोड खाली आणून नवी बॅटरी येईपर्यंत दिवस काढता येतात, इतकंच.

बंद पडत नसेल आणि नुसता वेळ कमी मिळत असेल, तर टक्केवारीपेक्षा तास मोजा. Battery usage या भागात प्रत्येक वापराचा कालावधी आणि खर्च झालेली ऊर्जा असते. दीड तासात 14,400 गेले असतील तर तासाला 9,600. आता 26,450 ला 9,600 ने भागा: पावणेतीन तास. नवी असताना सव्वाचार तास मिळाले असते. तुमचं काम पावणेतीन तासांत भागत असेल तर 35 टक्के झीज असलेली बॅटरीही खुशाल चालवा. कॉलेजात चार तास सॉकेट मिळत नसेल तर 20 टक्के झीजही अडचणीची. 20 टक्क्यांच्या आत झीज असलेली, न फुगलेली, न बंद पडणारी बॅटरी मात्र कोणाच्या सांगण्यावरून बदलू नका. आणि एवढा कमी वेळ मिळूनही झीज थोडीच असेल, तर तासाचा खर्च बघा: तो 20,000 च्या घरात असेल तर दोष मागे चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा आहे, बॅटरी बदलून फरक पडणार नाही.

नवी बॅटरी बसवल्यावर दुकानातून निघण्याआधीच रिपोर्ट काढा. DESIGN CAPACITY लेबलशी जुळायला हवी, पूर्ण क्षमता तिच्या आसपास हवी. किंचित जास्त दिसली तरी घाबरू नका, नव्या बॅटरीत तसं होतं. सायकल शून्य किंवा एक-दोन. शंका घ्यायची ती महिन्याभराने. पूर्ण क्षमता आणि मूळ क्षमता शेवटच्या अंकापर्यंत अगदी सारख्या, इतिहासाच्या तक्त्यात दर आठवड्याला तोच आकडा, आणि रोज वापरूनही सायकल शून्यावरच, असं दिसलं तर त्या बॅटरीतली चिप मोजत नाही, ठरवून दिलेले आकडे म्हणते. अशा बॅटरीवर Battery usage मधली खर्च झालेली ऊर्जाही भरवशाची नसते. तिथे घड्याळच लावा: एकच व्हिडिओ, एकच उजेड, 100 पासून हायबरनेटपर्यंत किती तास. जुन्या बॅटरीवर कॅलिब्रेशन करताना हाच वेळ लिहून ठेवला असेल तर तुलना लगेच होते, आणि बिल व वॉरंटीची मुदत हातात असतानाच बॅटरी परत करता येते.

काढलेली जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात किंवा भंगारात टाकू नका. चेपली किंवा टोचली गेली तर ती पेट घेते. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि नेताना तिच्या जोडणीच्या टोकावर चिकटपट्टी लावा.